शेडकार्डावर सौम्य, भिंतीवर भडक: ‘जरा फिका करा’ म्हणण्याआधी

अमळनेरला माझं रंगाचं दुकान आहे. टिंटिंग मशीन घेतल्यापासून दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराईचे दिवस मी एकच तक्रार ऐकतो. गिऱ्हाईक अर्धी वापरलेली बादली काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, “भाऊ, हाऊ रंग भलता भडक दिखी राहिना. जरा फिका करी द्या.”

पूर्वी मी मुकाट्याने त्यात पांढरा ओतून द्यायचो. चार दिवसांनी तीच बादली परत यायची. रंग फिका झालेला असायचा, पण भडकपणा जायचा नाही. खूप उशिरा लक्षात आलं की घोळ ‘फिका’ या शब्दातच आहे. आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना फिकाच म्हणतो. एक, रंग उजळ होणं. दुसरी, रंगाचा जोर उतरणं. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला की बादली हमखास वाया जाते.

ह्यू, टिंट, शेड, टोन आणि सॅच्युरेशन हे पाच शब्द इथे उपयोगी पडतात. दुकानात ते आपण कसेही वापरतो. कुठल्याही रंगाला ‘शेड’ म्हणतो, म्हणून ‘शेडकार्ड’, ‘शेड नंबर’. पांढऱ्या बेसमध्ये रंजक सोडणाऱ्या यंत्राला ‘टिंटिंग मशीन’ म्हणतो. बोलायला हरकत नाही, पण तक्रार सोडवताना त्यांचे खरे अर्थ लागतात.

केळीच्या बागेतून जाताना एकदा नीट पाहा. पोंग्यातून नुकतं उलगडलेलं पान पोपटी, उजळ असतं. खालचं जून पान गर्द हिरवं. रस्त्याच्या कडेच्या झाडाच्या पानावर ट्रॅक्टरची धूळ बसलेली असते, ते मळकट हिरवं दिसतं. तिन्ही पानं हिरवीच. ही जी ‘हिरवी’ जात, ती ह्यू. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा ही रंगाची घराणी म्हणजे ह्यू. त्यात उजळ-गडद असं काही नसतं.

आता डब्यात काय होतं ते पाहू. त्या जातीत पांढरा घातला की टिंट: लालाचा गुलाबी, निळ्याचा आकाशी. काळा घातला की शेड: लालाचा मरून, नारिंगीचा तपकिरी. करडा घातला की टोन, म्हणजे धुळीचं पान. आणि सॅच्युरेशन म्हणजे त्या रंगात जात किती ठासून भरली आहे ते, आपल्या बोलीत ‘भडकपणा’. टोनमध्ये सॅच्युरेशन उतरतं, पण करडा त्या रंगाइतकाच उजळ असेल तर उजळपणा जवळपास तिथेच राहतो. पांढऱ्यानेही सॅच्युरेशन काहीसं उतरतं, मात्र रंग ‘स्वच्छ’ राहतो आणि स्वच्छ उजळ रंग मोठ्या भिंतीवर बर्फाच्या गोळ्यासारखा दिसतो. काही निळ्या-हिरव्या रंजकांत तर उलटंच घडतं. थॅलो ब्लू नुसता पाहिला तर जवळपास काळा दिसतो. त्यात थोडा पांढरा पडला की मगच तो झगझगतो. म्हणजे ‘फिका करा’ म्हणून पांढरा घातला आणि रंग आणखी चढला, असंही होतं.

गुरुजींची बादली

मागच्या वर्षी पारोळा रस्त्यावर नवं घर बांधलेले एक निवृत्त गुरुजी आले. हॉल १२ बाय १५ चा. त्यांच्या घरच्या ताईंनी कार्डावरून फिकट पिवळा निवडला होता, १० लिटरची बादली मशीनवर करून नेली. पहिला हात मारला आणि संध्याकाळी फोन: “हॉलमधे लिंबू सरबतात बसल्यागत वाटतं.”

मिस्तरी अनुभवी होते. त्यांनी उरलेल्या सहा लिटरमध्ये दोन लिटर पांढरा घातला आणि एका भिंतीवर पट्टा ओढला. लिंबू पांढुरकं झालं, पण लिंबूच राहिलं. मग ‘जोर मारायला’ म्हणून काळ्या स्टेनरचे, म्हणजे बाटलीत मिळणाऱ्या घट्ट रंजकाचे, थोडे थेंब टाकले. भिंत हिरवट झाली, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी. तेव्हा बादली माझ्याकडे आली.

हिरवट का झाली, हे एकदा समजून घेतलं की पुढची चूक टळते. काळ्या रंजकात बहुधा निळसर झाक असते. शिवाय पिवळा अंधारला की डोळ्याला तो हिरवट, ऑलिव्हच वाटतो. लालाची शेड मरून, सगळ्यांना आवडते. पिवळ्याची शेड म्हणजे शेवाळी. म्हणून पिवळ्याचा जोर उतरवायला काळा हा सगळ्यात वाईट उपाय.

मी ताईंना विचारलं, “नेमकं कसं हवं होतं?” त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “शेतात कडबा रचून ठेवलेला असतो ना, वाळलेला, तसा.”

झालं काम. ज्वारीचा कडबा पिवळ्याच जातीचा, बऱ्यापैकी उजळ, पण त्यात मातकटपणा आहे, म्हणजे सॅच्युरेशन कमी आणि थोडी तांबूस झाक. त्यांना टोन हवा होता आणि कार्डावरून त्यांनी टिंट उचलला होता. मूळ घोळ एवढाच होता.

बादली वाचवायची म्हणून आधी पांढरा आणि काळा दोन्ही बंद केले. आठ लिटरमधून एक लिटर मोजून वेगळा काढला. सुईशिवायच्या इंजेक्शनने त्यात रेड ऑक्साइड स्टेनर अर्धा मिली सोडला, नीट ढवळला, बोटभर रंग पांढऱ्या कार्डावर पसरून हेअर ड्रायरने वाळवला. वाळवणं चुकवू नका. इमल्शन ओलं असताना दुधाळ असतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. ओल्यावर निर्णय घेतला की चुकलाच. (चुन्याचं बरोब्बर उलट, तो ओला गडद दिसतो आणि वाळला की उजळतो. जुनी मिस्तरी मंडळी या दोन्हींत गल्लत करत नाहीत, नव्यांना सांगावं लागतं.)

अर्ध्या मिलीने हिरवटपणा थोडा मावळला. आणखी अर्धा, आणखी अर्धा. दीड मिलीवर हिरवा गेला आणि पिवळा ताळ्यावर आला. दोन मिलीचा नमुना एका वाटीत वेगळा करून पाहिला तर तो पीचकडे झुकला, म्हणजे मर्यादा तिथे होती. मग दीड मिलीच्या त्या लिटरमध्ये यलो ऑक्साइड दोन मिली घातला आणि कडबा समोर आला. उरलेल्या सात लिटरला हिशेबाने साडेदहा मिली लाल आणि चौदा मिली पिवळा लागत होता. मी त्याचा तीन चतुर्थांशच आधी घातला, वाळवून पाहिलं, मग उरलेला थोडा थोडा करून दिला. एकदा जास्त पडलं की काढता येत नाही. तुमच्या बादलीचे आकडे वेगळे येतील, कारण बेस, रंजक आणि मिस्तरींनी आधी काय ओतलं यावर ते अवलंबून असतात. पद्धत मात्र हीच.

रेड ऑक्साइडने हिरवट झाक का गेली? लाल आणि हिरवा रंगचक्रावर एकमेकांसमोरचे रंग. समोरचा रंग थेंबभर घातला की आधीच्याचा जोर जातो, दोन्ही मिळून करड्याकडे सरकतात. ही काही नवी विद्या नाही. आपल्या आज्या चुन्यात नीळ घालायच्या ती याचसाठी. चुना पिवळसर दिसतो, निळीने तो पिवळा मारला जातो आणि भिंत पांढरी ‘दिसते’. नीळ जास्त झाली की भिंत निळी व्हायची, तेव्हाही मर्यादा होतीच.

काळ्याऐवजी समोरचा रंग, हे एवढं धरून ठेवलं तर निम्म्या बादल्या वाचतात. पिवळा हिरवट झाला तर रेड ऑक्साइड. पोपटी फार झगझगत असेल तर रेड ऑक्साइडच, पण अगदी चिमूटभर. आकाशी भडक असेल तर त्यात तपकिरी किंवा नारिंगीकडे झुकणारा ऑक्साइड. गुलाबी फार ‘बाहुलीसारखा’ झाला तर यलो ऑक्साइड आणि किंचित हिरवा. मात्र स्टेनर किती घालायचा याची मर्यादा त्याच्या बाटलीवर लिहिलेली असते, ती ओलांडली की रंग नीट वाळत नाही आणि ओल्या फडक्याने पुसला तर हाताला लागतो.

बादली बनण्याआधीच कसं ओळखायचं

आमच्याकडे येणाऱ्यांना मी तीन गोष्टी करून दाखवतो.

पहिली, कार्डाची पट्टी. बहुतेक कार्डांत एकेका पट्टीवर एकाच जातीचे रंग वरून खाली उजळापासून गडदापर्यंत मांडलेले असतात. सगळ्यात वरचा उजळ चौकोन पाहून त्याची जात कळत नाही. आपल्याला तो ‘क्रीम’ वाटतो. तळाचा चौकोन पाहिला की पितळ उघडं पडतं. तिथे झणझणीत लिंबू असेल, तर वरचं क्रीम भिंतीवर लिंबू होणार. तिथे मोहरी किंवा माती असेल, तर वरचं क्रीम शांत राहील. तळाचा रंग आवडला नाही तर वरचा घेऊ नका, हे मी सरळ सांगतो.

दुसरी, पाककृतीचं स्टिकर. मशीन डब्यावर स्टिकर चिकटवतं. त्यात बेसचं नाव आणि कोणतं रंजक किती मिली गेलं ते असतं. अनेकदा छापण्याआधीच ते पडद्यावर दिसतं, तेव्हाच विचारा. पांढऱ्या बेसमध्ये एकच रंजक असेल तर तो स्वच्छ टिंट, घरात भडकणार. दोन-तीन रंजकं असतील आणि त्यांत काळा, तपकिरी किंवा समोरच्या जातीचं काही असेल, तर तो टोन. गुरुजींच्या स्टिकरवर पांढरा बेस आणि एक चमकदार सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनापासून बनलेला, पिवळा एवढंच होतं. मी ते आधी वाचलं असतं तर दोन चकरा वाचल्या असत्या. तेव्हा वाचलं नाही, हा माझा दोष.

तिसरी, मोबाइलची युक्ती. दोन चौकोन शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही सारखे करडे दिसले, तर त्यांचा उजळपणा सारखा. मग रंगीत पाहताना जो फरक वाटतो तो जातीचा किंवा सॅच्युरेशनचा आहे. मोबाइल अंदाजच देतो, प्रयोगशाळेचं माप नाही. पण ‘हा जरा फिका आहे’ म्हणणाऱ्या नवरा-बायकोचं भांडण मिटवायला पुरेसा आहे. अर्ध्या वेळा दोघं वेगवेगळ्या ‘फिक्या’बद्दल बोलत असतात.

कार्डावर सौम्य आणि भिंतीवर भडक, असं मुळात होतंच का

कार्ड हातात धरलेलं असतं तेव्हा त्याच्याभोवती पांढरा कागद आणि दुकानाचा उजेड असतो. हॉलमध्ये चारही भिंती एकाच रंगाच्या. एका भिंतीवर पडलेला उजेड उसळून समोरच्या भिंतीवर जातो, तिथला रंग घेऊन परत येतो. दर उसळीला रंग आणखी गाळला जातो, जसा एकाच फडक्यातून चहा दोनदा गाळला की चोथा राहत नाही. पिवळ्यातून पिवळाच परत येतो, बाकीचा शोषला जातो. म्हणून बंद खोलीत भिंत कार्डापेक्षा अधिक भरलेली, म्हणजे जास्त सॅच्युरेटेड दिसते. खोली लहान असेल आणि खिडकी एकच असेल तर हे ठळक जाणवतं. यावर सोपा तोडगा म्हणजे कार्डावर आवडलेल्या रंगापेक्षा तीच जात ठेवून एक पायरी करड्याकडचा घेणं. तो कार्डावर जरा ‘मेल्यासारखा’ वाटेल. भिंतीवर बरोबर येईल.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर नमुना करा. दोन फूट बाय दोन फुटाचा हार्डबोर्ड घ्या, प्रायमर लावा, दोन हात मारा आणि भोवती चार बोटं पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्यात मिसळत नाही. थेट भिंतीवर पट्टा मारलात तर जुन्या रंगाशेजारी तो खोटं बोलतो. हा बोर्ड पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीला दुपारी चारला लावून पाहा, मग रात्री दिवे लावून. आमच्याकडे पश्चिमेचं उन्हाळी ऊन खिडकीतून तांबूस-पिवळं आत येतं आणि पिवळ्या-पीच रंगांना अजून चढवतं. उत्तरेच्या खोलीत उजेड निळसर असतो. तिथे तोच कडबा मातीसारखा गडद वाटतो, म्हणून तिथे करडा कमी घ्यावा. दिव्यांचंही तसंच. वॉर्म व्हाइट एलईडी साधारण ३००० केल्विनचा, पिवळट उजेडाचा. कूल डेलाइट साधारण ६५०० केल्विनचा, निळसर. काही जोड्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली अगदी सारख्या आणि घरी वेगळ्या दिसतात, कारण दोन्हींतली रंजकं वेगळी असतात. जुन्या बादलीशी नवी जुळवायला आणलेला नमुना मी म्हणूनच दाराबाहेर नेऊन उन्हातही पाहतो.

‘करडा मागितला, जांभळट आला’

ही तक्रार मुख्यतः फ्लॅट घेतलेल्या तरुण जोडप्यांची. करड्यात जात नसते असं वाटतं, पण कार्डावरचे बहुतेक करडे हे कोणत्या ना कोणत्या जातीचे अगदी कमी सॅच्युरेशनचे टोन असतात. कोणी निळसर, कोणी हिरवट, कोणी जांभळट. कार्डावर ते एकटे असतात म्हणून कळत नाही. त्याच्याशेजारी साधा पांढरा कागद आणि दुसरे दोन करडे ठेवा, झाक लगेच उठून दिसते. आणि फरशी विसरू नका. लालसर फरशी असेल तर तिच्या शेजारी हिरवट करडा अधिकच हिरवा भासेल. फरशीवर उसळून आलेला उजेड भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा भाग तांबूस करेल, तेही धरून चाला.

बाहेरची भिंत

बाहेरचा प्रश्न वेगळा, तिथे भडकपणा आपोआप उतरतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि ऊन तर त्याहून जाचक. चमकदार लाल, पिवळे, जांभळे हे सेंद्रिय रंजकांचे रंग उन्हात ऑक्साइडपेक्षा लवकर उडतात. ज्यांना भडकच हवा त्यांना मी समजावतो की दक्षिण आणि पश्चिम बाजूला ऑक्साइडमधून बनणाऱ्या गेरू, मोहरी, माती अशा टोनमध्ये जा. यलो ऑक्साइड आणि रेड ऑक्साइड वर्षानुवर्षं तसेच राहतात. भडक रंगांची दुसरी अडचण अशी की गडद बेसमध्ये पांढरं रंजक कमी असतं, त्यामुळे खालचा थर झाकत नाही. दोन हातांचं काम तीन-चार हातांवर जातं, आणि मिस्तरी मजुरीवरून वाद घालतात. आधी त्याच जातीचा टोन खाली अंडरकोट म्हणून मारला तर एक हात वाचतो. भर दुपारी तापलेल्या भिंतीवर मारू नका. रंग ब्रशने नीट पसरण्याआधीच वाळतो आणि एका हाताचा दुसऱ्यावर जोड दिसतो. तो जोड मग लोकांना शेडमधला फरक वाटतो.

गुरुजींचा हॉल दुसऱ्या दिवशी झाला. पट्टा ओढलेल्या भिंतीवर आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्यावा लागला, हिरवट खालून डोकवत होतं. उरलेलं अर्धा लिटर बाटलीत भरून मी त्यावर तारीख, बेसचं नाव, आणि “१ लिटरला लाल दीड, पिवळा दोन” असं लिहून दिलं. ती चिठ्ठी आता त्यांच्या लाकडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. पोरांनी सायकल घासून कोपरा खरवडला तेव्हा त्यांनी तीच बाटली काढली, आणि मला विचारलं फक्त एवढंच: ढवळायची किती वेळ.